‘थांब’ एवढं तरी सगळ्यांना कळतं

मागच्या चैत्रात भाचीचा डॅलसहून फोन आला. मावशी, आषाढीला आमच्याकडे मुलांचा कार्यक्रम आहे, नऊ मुलं आहेत, अकरा ते सोळा वयाची, त्यांना अभंग म्हणायचाय पण अर्थ कळत नाही म्हणतात, तर तू एखादा अर्धा मराठी अर्धा इंग्रजी असा बसवून दे ना. मी गंगाखेडला बायकांचं भजनी मंडळ चालवते, पेटी वाजवते, चाली लावते, पण इंग्रजी गाणं आयुष्यात बसवलेलं नव्हतं. तरी लगेच हो म्हटलं. जनाबाईच्या गावात राहून नाही कसं म्हणायचं.

आधी सोपं वाटलं होतं. नवीन अभंग लिहायचा, चाल लावायची, भाचीनं त्याचं इंग्रजी करायचं आणि एक कडवं मराठी, एक इंग्रजी असं म्हणायचं. तसं केलंही. मी झोकात लिहिलं, भवसागर घातला, माया घातली, काम-क्रोध घातले, दीन घातला, आपल्या कानाला भजन भजनासारखं लागतं ते या शब्दांमुळेच ना. कागद पाठवला आणि भाचीला म्हटलं, मुलांना सांग, जो शब्द कळतो त्याच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि शेजारी तुम्हाला काय कळलं ते लिहा.

कागदांचे फोटो आले ते बघून मी बराच वेळ बसून राहिले. न कळलेल्या शब्दांचं काही वाटलं नाही, ते मी धरूनच चालले होते. रेघ मारलेल्या शब्दांनी मात्र मला घाम फोडला. ‘माया’खाली सगळ्यांनी रेघ मारली होती आणि लिहिलं होतं, आजीचं प्रेम. बरोबरच की! आपल्या घरात माया म्हणजे हेच, ‘आजीची लई माया हाय पोरावर’ असंच आपण बोलतो. आता या मुलांनी ‘माया सोडव रे देवा’ असं म्हणायचं म्हणजे ती देवाला काय सांगणार, तर आजीची माया सोडव. ‘काम’ म्हणजे वर्क. काम आणि क्रोध, म्हणजे ऑफिसचं काम आणि त्यामुळे येणारा राग, आणि एकानं तर शेजारी बाबा असं लिहिलं होतं. ‘दीन’ म्हणजे दिवस. ‘भाव’ म्हणजे भाजीचा भाव. ‘कृपा’ला एका मुलीनं रेघ मारली कारण तिच्या ओळखीच्या एका मुलीचं नाव कृपा आहे.

मुलांना मराठी येत नाही असं त्यांचे आईबाप म्हणतात, मुलंही म्हणतात, पण ते खरं नाही हे त्या कागदांवरून मला कळलं. त्यांच्याकडे मराठी आहे, फक्त ती स्वयंपाकघरातली आहे, दाराशी उभं राहून मारलेल्या हाकेची आहे. आणि अभंगाची मराठी तेच शब्द घेऊन वेगळंच बोलते. अजिबात न कळणाऱ्याला इंग्रजी अर्थ सांगितला की काम झालं, पण ज्याला अर्धवट कळतं त्याच्या डोक्यात एक अर्थ आधीच बसलेला असतो, तिथे तळटीप देऊन भागत नाही, गाताना त्याच्या मनात आजीच येणार.

तरी मी लगेच शहाणी झाले नाही. म्हटलं, एकदा म्हणून तर बघू, इंग्रजी कडवं आहेच ना अर्थ सांगायला. सकाळी सातला आमच्याकडे भजनाची खोली उघडली की तिकडे आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, उन्हाळ्यात साडेदहा तासांचा फरक, त्यामुळे रोजची वेळ चांगली जमली. फोनवर सोबत गाता येत नाही हे मात्र पहिल्याच दिवशी कळलं, आवाज पोचायला उशीर होतो, मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर असते तेव्हा ते अजून सातव्या मात्रेवर असतात आणि नऊ जणांचा उशीर नऊ प्रकारचा. मग मी तानपुरा आणि ठेका रेकॉर्ड करून पाठवायचे, मुलं कानाला इअरफोन लावून त्यावर आपापल्या घरी गायची आणि रेकॉर्डिंग पाठवायची, भाचीचा नवरा ती एकावर एक ठेवायचा.

तर त्यानं मला स्क्रीनचा फोटो पाठवला, आवाज कमी-जास्त झाला की तो पट्टा जाड-बारीक होतो तसला. मराठी कडव्यात पट्टा दोऱ्यासारखा आणि इंग्रजी कडव्यात एकदम दोरखंड, नऊच्या नऊ जणांचा तसाच. म्हणजे मुलं मराठी कडवं नुसती पुटपुटत होती, आपलं खरं गाणं कधी येतंय याची वाट बघत. भाषांतर शेजारी ठेवलं की हेच होणार, कळणारी गोष्ट पुढच्या कडव्यात मिळणार हे माहीत असलं की आधीच्या कडव्याकडे कोण लक्ष देईल? आम्हीही पोथी ऐकताना श्लोक संपून मराठी अर्थ कधी येतो याचीच वाट बघत होतो लहानपणी. तो कागद मी फाडला.

मग मला नाथमहाराज आठवले. पैठण आमच्यापासून गोदेच्या काठाकाठानं वरच्या अंगाला. एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद आहे, त्यात तुर्क आपल्या दखनी हिंदीत बोलतो आणि हिंदू मराठीत बोलतो, आणि कुणीच कुणाचं भाषांतर करत नाही. एक बोलतो, दुसरा उत्तर देतो, ऐकणाऱ्याला दोन्ही मिळून समजतं. सोळाव्या शतकात आपल्याच भागात हे झालेलं आहे आणि मी मात्र डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला इंग्रजी असा सरकारी फॉर्म करत बसले होते. या मुलांच्या घरात तरी दुसरं काय होतं? आई मराठीत विचारते, मुलगा इंग्रजीत उत्तर देतो, दोघांनाही कळतं, रोज होतं. गाण्यालाही तेच करू द्यायचं असं ठरवलं. दोन भाषांनी एकमेकींशी बोलायचं, एकीनं दुसरीचं पुन्हा म्हणायचं नाही.

आता मुलांकडे कोणती मराठी आहे ते नीट बघायला लागले. भाचीला म्हटलं, एक दिवस घरात तू मुलांशी मराठीत काय काय बोलतेस ते लिहून काढ. तिनं पाठवलं ते असं, ऊठ, दात घास, दूध पी, लवकर ये, किती उशीर, थांब, हळू, पोळी खा, झोप आता. जवळजवळ सगळ्या आज्ञा, आणि सगळ्या ‘तू’ला. मुलांच्या कानात मराठी क्रियापद म्हणजे आईनं सोडलेला हुकूम. आणि देवालाही आपण ‘तू’च म्हणतो, त्याला हुकूमच सोडतो, ये, धाव, पाव. तर त्या यादीत ‘थांब’ दिसलं आणि मी तिथेच अडकले. पुंडलिकानं आणखी काय केलं होतं, आईबापाची सेवा चाललीये म्हणून देवाला थांब म्हटलं आणि वीट फेकली, आणि देव थांबला. अख्खी पंढरी त्या एका शब्दावर उभी आहे आणि तो शब्द डॅलसमधल्या अकरा वर्षांच्या पोराला अर्थासकट येतो.

त्याच दिवशी दुपारी लिहिलं:

पंढरीच्या राया, आम्ही किती लांब,
म्हटले की थांब, थांबलास.

शाळेला उशीर, सकाळची घाई,
हाका मारी आई, दारातून.

तूही तसा उभा, विटेवर देवा,
येतो आम्ही केव्हा, पाहतोस.

थोरल्या अभंगाचं माप आहे हे, सहा-सहा-सहा-चार अक्षरं आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. ‘पंढरीच्या राया’ सोडलं तर अवघड शब्द एकच, विटेवर. या वेळी पेन्सिलीच्या रेघा बहुतेक शब्दांखाली आल्या आणि शेजारचे अर्थही बरोबर आले. ‘हाका मारी’ला दोघा-तिघांनी आई मारते असं लिहिलं होतं, ते समजावून सांगितलं.

आता इंग्रजी किती आणि कुठं. भाचीचं पहिल्या कडव्याचं भाषांतर मी जपून ठेवलंय कारण मला सगळं त्यानंच शिकवलं. मी इंग्रजीही वहीत देवनागरीतच लिहिते म्हणजे अक्षरं मोजता येतात. तिची ओळ होती, ‘वुई आर सो फार अवे’. उच्चाराप्रमाणे मोजा, सहा. मी खूश, म्हटलं बसलं. चालीत म्हणून बघितलं तर कानाला टोचत होतं आणि का ते कळेना. आमचे पखवाजवाले बुवा शेजारी बसलेले, त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, तेच म्हणाले, “बाई, ह्या शब्दाचा पाय मुरगळलाय बगा. पोरगी बोलताना ‘वे’वर जोर देती अन् गाताना तुम्ही तिला ‘अ’वर कामून उभं करायले?”

बुवांनी अगदी नेमकं धरलं होतं. भजनी ठेका आठ मात्रांचा. आमच्या चालीत सहा अक्षरांचा चरण असा बसतो, पहिली चार अक्षरं एकेक मात्रा, मग पाचवं अक्षर दोन मात्रा आणि सहावं दोन मात्रा. पं-ढ-री-च्या, राऽ, याऽ. म्हणजे वजन पडतं पहिल्या मात्रेवर, समेला, आणि पाचव्या मात्रेवर. मराठी अक्षराला याचं काही वाटत नाही, कुठलंही अक्षर समेवर ठेवा, लांबवा, शब्द मोडत नाही, म्हणून तर आपल्याकडे नुसती अक्षरं मोजून छंद होतो. इंग्रजी शब्दाचा जोर मात्र जन्मापासून ठरलेला असतो. ‘अवे’मध्ये जोर ‘वे’वर, ‘अ’ नुसता ओझरता. तो ओझरता ‘अ’ नेमका पाचव्या मात्रेवर येऊन दोन मात्रा लांबला, ‘आऽवे’ झालं, तो शब्दच राहिला नाही. मोजणी बरोबर आणि गाणं चूक. हे ओळखायची माझी रीत आता एकच, इंग्रजी ओळ आधी त्या मुलांकडून बोलून घ्यायची, गाऊन नाही, आणि ते कुठे जोर देतात तिथे वहीत टिंब द्यायचं, मग ती टिंबं पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात का बघायचं.

यावर एक तोड आहे, ओळ समेच्या आधी उचलायची, ‘अ’ मागच्या आवर्तनाच्या आठव्या मात्रेवर आणि ‘वे’ समेवर. मी करून बघितली, एकटीनं म्हटलं की छान लागते. पण नऊ मुलं नऊ घरांत, आठव्या मात्रेवर एकत्र उचल कुणाला जमेना, कुणी सातवीवर, कुणी समेवर, सगळं जोडल्यावर ‘अ-अ-अवे’ असं पायऱ्यांवरून घसरल्यासारखं ऐकू यायचं. सोडून दिली. आणि मुळात ‘लांब’ मुलांना येतंच की, त्याला इंग्रजी हवंय कशाला?

मग तीनच इंग्रजी ओळी ठेवायच्या ठरल्या, प्रत्येक एका आवर्तनाची. पहिल्या कडव्यानंतर, ‘हाऊ लाँग विल यू वेट’. पाच अक्षरं, हाऊ समेवर, वेट पाचवीवर, आणि ‘वे’ची मात्रा लांबते, वाट बघण्याचा शब्दच ताणला जातो. ही मला सुचली, भाचीनं तपासली. पण दुसरी ओळ मुलांची आहे. मी विचारलं, आई दारातून हाका मारते तेव्हा तुम्ही काय म्हणता? सगळी एका सुरात ओरडली, ‘जस्ट फाइव्ह मिनिट्स मोअर!’ मी वहीत लिहिलं, टिंबं दिली, जस्ट पहिल्यावर, मि तिसऱ्यावर, मोअर पाचव्यावर. एक अक्षर बदलावं लागलं नाही. आणि शेवटी ‘मोअर’चा उघडा स्वर, हवा तितका लांबवा. सकाळी आईला सांगायची सबब इथं देवाला सांगितली जाते, आणि ती म्हणताना त्या मुलांचा आवाज जसा खरा लागतो तसा माझ्या भवसागरात कधीच लागला नसता. भाचीला काळजी वाटली, हे भक्तिगीतात चालेल का, लोक काय म्हणतील. मी म्हटलं चालेल. पुंडलिक तरी काय म्हणाला होता? पाच मिनिटं, एवढं झालं की येतो.

तिसरी ओळ ‘विटेवर’साठी. तिनं फार दमवलं. ‘स्टँडिंग ऑन अ ब्रिक’, जोर अगदी जागच्या जागी, स्टँ समेवर, ब्रिक पाचवीवर. पण ब्रिक चार मात्रा लांबवायचा कसा? आतला इ ऱ्हस्व, आणि पुढे क येऊन दार लावून घेतो. लांबवला की ‘ब्रीक’ होतो आणि मुलं म्हणाली असा शब्दच नाही. मग कुणीतरी म्हणालं ‘स्टोन’ घालू, स्वर मोठा, छान लांबतो. गायला खरंच गोड लागत होतं पण मी अडून बसले. देव दगडावर उभा नाही, विटेवर उभा आहे, ती वीट एका माणसानं हातानं फेकलेली आहे, दगड केला तर पुंडलिकच गेला. मग ‘स्टँडिंग ऑन द वीट’ करून बघितलं, मराठी शब्द तसाच ठेवू म्हणून, तर मुलांना ते गव्हावर उभा असं ऐकू आलं, वीट आणि त्यांचा गव्हाचा शब्द कानाला एकच. शेवटी ब्रिक ठेवला आणि लांबवायचाच नाही असं केलं. पाचव्या मात्रेवर ब्रिक, तोडून, आणि सहा-सात-आठ रिकाम्या, तिथं पखवाजही गप्प, फक्त टाळ. मला वाटलं होतं भोक पडल्यासारखं वाटेल, पण तसं झालं नाही. वीट ठेवल्याचा आवाज आल्यासारखं झालं. आणि ही ओळ तिसऱ्या कडव्याच्या आधी घातली, नंतर नाही, म्हणजे ‘विटेवर’ हा शब्द येईपर्यंत वीट मुलांच्या डोळ्यांपुढे आलेली असते आणि मराठी शब्द ओळखीचा म्हणून भेटतो. अर्थ आधी आला तर पुढचा शब्द मोठ्यानं निघतो, मागून आला तर तो शब्द पुटपुटला जातो, हे त्या दोऱ्या-दोरखंडानं मला शिकवलेलं होतंच.

‘लॉर्ड’ कुठंच घातला नाही. भाचीच्या भाषांतरात तो सारखा यायचा, ओ लॉर्ड, माय लॉर्ड. अर्थ चुकीचा नाही पण तो शब्द आला की मुलांचा आवाज आपोआप चर्चमधल्यासारखा व्हायचा, त्यांनी तो तिथंच, शाळेच्या कॉयरमध्ये ऐकलाय. आणि विठ्ठल आपला तू आहे, माउली आहे, विठाई आहे, त्याला इंग्रजीत ‘ही’ म्हणायचं की ‘शी’ हाही प्रश्न येतो, म्हणून इंग्रजीत फक्त ‘यू’ वापरला आणि हाक मारायची तर ‘विठ्ठला’ अशीच, कडव्यांच्या मधे. नामदेवांनी तेच केलंय. इथून नरसी काही लांब नाही, हिंगोली जिल्ह्यातली, आणि तिथले नामदेव पंजाबात गेले, त्यांची एकसष्ट पदं गुरु ग्रंथ साहिबमध्ये आहेत, भाषा तिकडची आहे, पण हाक ‘बीठल’ अशीच आहे. भाषा बदलली, नाव नाही बदललं. आणि नाव तिकडच्या जिभेवर थोडं घासलं गेलं, विठ्ठलचं बीठल झालं, त्यानं कुणाचं अडलं नाही.

हे मी स्वतःला वारंवार सांगत होते कारण उच्चारांनी माझा जीव खाल्ला. मुलांना गाण्याचा कागद रोमनमध्येच द्यावा लागतो, देवनागरी दोघांनाच वाचता येते. आणि रोमनमध्ये ‘थांब’चा थ आणि ‘विठ्ठल’चा ठ एकाच जोडाक्षरानं लिहितात. मुलं दोन्हीकडे जीभ दातात धरून ‘विथ्थला’. ळ तर नाहीच, ‘शालेला उशीर, सकालची घाई’. मी ठरवलं की ठ सोडायचा नाही, ळ सोडून द्यायचा. ठ एका दिवसात येतो, जीभ वर वळवून टाळूला लाव आणि फुंकर मार एवढंच सांगायचं, आणि ते देवाचं नाव आहे. ळला महिने लागतात, आणि तेवढ्यासाठी मूल गायलाच घाबरत असेल तर माझ्या मते त्याचा काही उपयोग नाही.

यापेक्षा अवघड निघाला शेवटचा अ. आपण बोलताना ‘थांबलास’ दोन झटक्यांत बोलतो, थांब-लास. अभंगात मात्र ती चार अक्षरं, थांऽ बऽ लाऽ सऽ, प्रत्येकाला दोन मात्रा. लिहिलेलं प्रत्येक अक्षर गाताना जिवंत होतं, बोलताना गिळलेला अ सुद्धा. आपल्याला हे कुणी शिकवलं नाही, लहानपणापासून कानावर पडून आलं. ही मुलं मात्र घरात ‘थांबलास’ ऐकतात, तेच गातात, आणि चार मात्रांत संपवून उरलेल्या चार मात्रा इकडं-तिकडं बघत बसतात, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे शेवटचा स् शिट्टीसारखा ओढतात. ‘थांब’ला तर ओठ मिटून ‘थाम्म्म’. उपाय असा केला की प्रत्येक ओळीची दोन रेकॉर्डिंग पाठवली, एक आईसारखी बोलून, एक गाऊन, आणि कागदावर गायची ओळ तोडून तोडून लिहिली, प्रत्येक अक्षरापुढे जितक्या मात्रा तितकी टिंबं. मोठी मुलगी म्हणाली, आजी, म्हणजे गाण्यात मराठी जास्त हळू बोलतात. बरोबर ओळखलं तिनं.

चाल भूपात आहे. एक तर सूर पाचच, सा रे ग प ध. दुसरं असं की काळी तीन ही सा धरली तर भूपाचे पाचही सूर पेटीच्या, पियानोच्या काळ्या पट्ट्यांवरच येतात, एकही पांढरी लागत नाही. या मुलांच्या घरी कीबोर्ड असतोच, त्यांना एवढंच सांगितलं की काळ्या पट्ट्या सोडू नका, चुकणार नाही. सगळ्यात लहान मुलगा दुसऱ्या दिवशी अख्खी चाल वाजवून घेऊन आला. आणि एकत्र गायला काळी तीन बरी पडते, बायकांच्या काळी चार-पाचपेक्षा जरा खाली आणि पुरुषांच्या काळी एकपेक्षा वर. दोन मुलांचे आवाज फुटायला लागलेले होते म्हणून तार षड्जाला हातच लावला नाही, सा ते ध एवढ्यातच सगळं. चढून टाळ्या घेण्याची जागा त्यामुळे गेली, त्याचं थोडं वाईट वाटलं, पण फुटलेल्या आवाजाच्या मुलाला सगळ्यांसमोर वर पाठवणं मला योग्य वाटत नाही. तो एकदा फसला की परत तोंड उघडत नाही.

शेवटच्या आठवड्यात पुन्हा स्क्रीनचा फोटो मागवला. पट्टा या वेळी सगळीकडे सारखा होता. ‘मोअर’ला फुगलेला, तो फुगणारच, आणि त्याच्या पुढे ‘ब्रिक’नंतर तीन मात्रांची फट, आणि मग ‘तूही तसा उभा’ला मराठी असून जाड. मी तो फोटो बुवांना दाखवला, त्यांनी फोन आडवा धरून नीट बघितला आणि त्या फटीवर बोट ठेवून म्हणाले, “इथं म्या गप हाय.”

सगळ्यात लहान मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीला, ठेका चालू होऊन गाणं सुरू व्हायच्या आधी, लांबून कुठूनतरी त्याच्या आईचा आवाज येतो. त्यानं काहीतरी विचारलेलं असावं, ते ऐकू येत नाही. ती म्हणते, “थांब रे, गॅस बंद करून आले.” भाचीचा नवरा म्हणाला, मावशी, तेवढं कापतो. मी म्हटलं नको कापू, राहू दे. त्याच्यानंतर चार मात्रा जातात आणि मग सम येते.